एका बाळंतपणाच्या तीन तारखा

‘कार्डावर 17 मे लिहिलंय. जावईबापू म्हणतात, तिकडच्या सोनोग्राफीत 31 मे आली होती. आणि काल इथल्या डॉक्टरांनी 14 जून दिली. सिस्टर, ह्यातलं कोण चुकलं म्हणायचं?’

अंगणवाडीच्या ओट्यावर प्रश्न विचारणाऱ्या बाईंची लेक बाळंतपणासाठी माहेरी आलेली. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडचं, भात-नागलीचं गाव. ग्राम आरोग्य व पोषण दिनाला उपकेंद्राच्या आरोग्यसेविका आल्या होत्या. गावासाठी त्या सिस्टर. एका बाजूला लसीकरण आटोपत आलेलं, वजनकाट्यावर शेवटचं पोर रडत होतं आणि आशाताई गरोदर बायांना सतरंजीवर बसवत होत्या. सिस्टरनी त्या दिवशी रक्तवाढीच्या गोळ्यांवर बोलायचं ठरवलं होतं. पण हा प्रश्न आला आणि पुढचा तासभर सोनोग्राफीवरच गेला.

‘कोणीच चुकलं नाही,’ सिस्टर म्हणाल्या, ‘पण तीनपैकी एकच तारीख धरायची असते. ती कुठली ते सगळे कागद बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.’

कागद मात्र एकच होता. पहिला रिपोर्ट सासरी, पत्र्याच्या पेटीत राहिलेला. पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची आपली रीत आणि कागदपत्रं सासरी ठेवायची आपली सवय, या दोन्हींच्या मध्ये असे बरेच रिपोर्ट अडकून पडतात. जावयाला फोन लावला, त्यानं फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवला, आणि सिस्टरनी अंगणवाडीच्या फळ्यावर तिन्ही तारखा एकाखाली एक लिहिल्या.

पहिली तारीख पाळीवरून काढलेली. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस 10 ऑगस्ट, असं मुलीनं नाव नोंदवताना सांगितलं होतं. त्यात नऊ महिने आणि सात दिवस, म्हणजे 280 दिवस मिळवले की 17 मे येते. माता-बाल कार्डावर हीच तारीख जाते. हा हिशेब बरोबर येण्यासाठी दोन गोष्टी लागतात. पाळीची तारीख नेमकी आठवायला हवी आणि पाळी साधारण अठ्ठावीस दिवसांनी येणारी हवी. सिस्टरनी मुलीला हळूच विचारलं, तेव्हा कळलं की तिची पाळी कधी दीड महिन्यानं, कधी त्याहून उशिरानं यायची. ज्यांची पाळी लांबते त्यांचं बीज उशिरा सुटतं, गर्भ उशिरा राहतो. कार्डावरचा हिशेब मात्र सगळ्यांना एकच माप लावतो.

दुसरी तारीख 26 ऑक्टोबरच्या सोनोग्राफीची. पाळीवरून मोजलं तर त्या दिवशी अकरा आठवडे पूर्ण व्हायला हवे होते. पण पडद्यावर बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी भरली 23 मिलिमीटर. रिपोर्टवर या लांबीपुढे ‘सीआरएल’ अशी अक्षरं असतात. एवढ्या लांबीचं बाळ नऊ आठवड्यांचं असतं. पाळीचा हिशेब आणि बाळाचं माप यांत दोन आठवड्यांचा फरक पडला. या दिवसांत फरक एका आठवड्याहून जास्त निघाला की डॉक्टर पाळीची तारीख सोडतात आणि सोनोग्राफीची धरतात. म्हणून 31 मे.

तिसरी तारीख आत्ताची. 19 एप्रिलला इथं सोनोग्राफी झाली. यंत्रानं बाळाचं डोकं, पोट आणि मांडीचं हाड मोजलं आणि ‘32 आठवडे’ असं छापलं. त्यावरून आपोआप 14 जून आली. पण 31 मे खरी धरली, तर 19 एप्रिलला बाळाचे 34 आठवडे पूर्ण झालेले होते.

‘म्हणजे तारीख पुढं गेली ना?’ मागून कोणीतरी विचारलं.

सिस्टरनी विचारलं, ‘आवणात टाकलेली भाताची रोपं दहा दिवसांनी बघितलीत तर कशी दिसतात? सगळ्यांची सारखीच. लावणीनंतर दोन महिन्यांनी बघा. चांगल्या खाचरातलं कमरेला लागतं, मुरमाडातलं गुडघ्याला. मग उंची बघून पेरणीचा दिवस सांगाल का?’ बायका हसल्या.

बाळांचंही तसंच चालतं. पहिल्या तीन महिन्यांत आई उंच असो की ठेंगणी, घर खाऊनपिऊन सुखी असो की नसो, बाळं जवळपास सारख्याच वेगानं वाढतात. त्यामुळे त्या काळातल्या लांबीवरून वय काढलं तर चूक पाच-सात दिवसांपलीकडे सहसा जात नाही. पुढे मात्र प्रत्येक बाळ आपापल्या वाटेनं वाढतं. आईची अंगकाठी, तिचा रक्तदाब, साखर, वारेतून मिळणारं रक्त हे सगळं मापात उतरतं. आठव्या-नवव्या महिन्यात मापावरून वय काढायला गेलं तर तीन आठवड्यांचीही चूक होऊ शकते. यंत्राला हे ठाऊक नसतं. समोर जे माप येईल ते तक्त्याशी ताडून ते दर वेळी नवी तारीख छापतं. ती छापली गेली म्हणून तारीख बदलत नाही. लवकरातल्या लवकर झालेल्या सोनोग्राफीवरून तारीख एकदा ठरली की ती शेवटपर्यंत तीच. नंतरच्या सोनोग्राफ्या बाळाची वाढ बघण्यासाठी असतात.

मग 14 जूनचा अर्थ काय? अर्थ असा की 34 आठवड्यांचं बाळ मापानं 32 आठवड्यांचं दिसतंय. ते मुळातच बारीक चणीचं असेल आणि धडधाकट असेल. किंवा वारेतून त्याला पुरेसं पोचत नसेल. एका सोनोग्राफीत हा फरक नक्की करता येत नाही. त्यासाठी दोनेक आठवड्यांनी पुन्हा मापं घेतात आणि मधल्या काळात वाढ किती झाली ते बघतात. नाळेतला रक्तप्रवाह मोजणारी ‘डॉप्लर’ तपासणी करतात. आईचा रक्तदाब तपासतात, बाळाची हालचाल रोज नीट जाणवते का ते तिला पाहायला सांगतात.

इथंच खरा धोका दडलेला होता. डॉक्टरांच्या हातात फक्त शेवटचा कागद असता, तर 32 आठवड्यांचं व्यवस्थित बाळ म्हणून मुलीला घरी पाठवलं गेलं असतं. वाढ मागे पडल्याची शंकाही कोणाला आली नसती. शिवाय 14 जूनपर्यंत वाट पाहिली गेली असती, आणि तो दिवस खऱ्या हिशेबानं 42 आठवडे पूर्ण होण्याचा आहे. इतक्या उशिरापर्यंत वार थकत जाते आणि पोटात बाळ दगावण्याची शक्यता वाढते. सिस्टरनी फळ्यावरच्या 31 मेला गोल केला, कार्डावर लाल पेनानं तीच तारीख लिहिली आणि दोन्ही रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना पुन्हा भेटायला सांगितलं.

सोनोग्राफी म्हणजे मुळात आवाजाचं काम. माणसाच्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. पोटावर फिरवायच्या यंत्राचा आवाज काही दशलक्ष कंपनांचा असतो. तो आत जातो, वेगवेगळ्या थरांवर आदळून परत येतो, आणि परत यायला किती वेळ लागला यावरून पडद्यावर ठिपके उमटतात. ग्लासगोच्या इयन डोनल्ड या डॉक्टरांनी 1950च्या दशकात धातूतली भेग शोधणाऱ्या कारखान्यातल्या यंत्रावरून ही युक्ती उचलली आणि 1958 साली पोटातल्या बाळाची चित्रं छापली. यात क्ष-किरण नसतात. ‘सारखी मशीन लावली तर बाळाला किरणं लागतात’ ही भीती गावात अजून आहे. तिला आधार नाही. पण गरज नसताना मशीन लावत बसावं असाही याचा अर्थ होत नाही.

या आवाजाचे दोन शत्रू, हवा आणि हाड. हवेशी गाठ पडली की आवाज तिथूनच माघारी फिरतो, पलीकडचं काही दिसत नाही. पोटावर गार जेल चोपडतात ते कातडी आणि यंत्र यांच्यामधली हवा घालवायला. सुरुवातीच्या महिन्यांत भरपूर पाणी पिऊन लघवी दाबून बसायला सांगतात, तेही याचसाठी. भरलेली पिशवी वायूनं फुगलेल्या आतड्यांना बाजूला सारते आणि तिच्यातल्या पाण्यातून गर्भाशय स्वच्छ दिसतं.

ओट्याच्या कडेला टेकलेल्या एका आजोबांनी ही संधी साधली. त्यांच्या पोटात वर्षभर जळजळ होत होती. दोनदा सोनोग्राफी केली, दोनदा ‘नॉर्मल’ आली, म्हणजे दुखणं मनाचंच का? सिस्टरनी त्यांना सांगितलं ते तिथल्या बऱ्याच जणांना नवं होतं. पित्ताशयातला खडा, मूत्रपिंडातला खडा, यकृतावरची सूज, पोटातलं पाणी हे सोनोग्राफीत चांगलं दिसतं. जठरातला अल्सर किंवा आम्लपित्त बहुधा दिसत नाही, कारण जठर आणि आतडं म्हणजे हवेचेच फुगे. त्यासाठी तोंडातून दुर्बीण घालावी लागते. मूत्रपिंडातून निसटून नळीत मध्यावर अडकलेला खडाही कित्येकदा आतड्यांच्या वायूमागे लपतो. ‘नॉर्मल म्हणजे जेवढं दिसतं तेवढ्यात काही सापडलं नाही. बाकीचं डॉक्टरांना तोंडानं सांगायचं, आजोबा.’

पुन्हा गरोदर बायांकडे वळून सिस्टरनी पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीचं सांगितलं. अठराव्या ते विसाव्या आठवड्यात होणारी ही तपासणी व्यंग शोधण्यासाठी असते. कवटी नीट झाली आहे का, पाठीचा कणा बंद आहे का, डोक्यात पाणी साठलंय का, पोटाची भिंत पूर्ण आहे का, मूत्रपिंडं दोन आहेत का, हातपाय आहेत का, हृदयाचे चार कप्पे दिसतात का हे त्या वेळी तपासतात. ती वेळेत व्हायला हवी यामागे कायद्याचंही कारण आहे. 2021 साली दुरुस्त झालेल्या गर्भपाताच्या कायद्यात ठरावीक परिस्थितीत दोन डॉक्टरांच्या मतानं 24 आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. त्यापुढे बाळात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. सातव्या महिन्यात व्यंग कळलं, तर आधीच कोलमडलेल्या घराला मंडळाच्या फेऱ्याही माराव्या लागतात.

या तपासणीबद्दल गावात एक समज पक्का बसलाय. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी चांगली आली म्हणजे बाळ सगळ्या बाजूंनी चांगलं. सिस्टरनी तो समज सावकाश सोडवला. यंत्राला आकार दिसतो, काम दिसत नाही. कान दिसेल, पण बाळाला ऐकू येतं का ते कळणार नाही. डोळे दिसतील, नजर नाही. मेंदूचा आकार दिसेल, बुद्धी नाही. हृदयातली लहान छिद्रं सुटू शकतात, काही मोठे दोषही सुटतात, कारण ते हृदय अगदी छोटं असतं आणि सतत धडधडत असतं. डाऊन सिंड्रोम असलेली कित्येक बाळं सोनोग्राफीत अगदी साधी दिसतात. त्याचा अंदाज घ्यायला ठरावीक आठवड्यांत आईचं रक्त तपासावं लागतं. आदिवासी पट्ट्यात सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सिकलसेल. तो रक्तातल्या तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार. जगातल्या कुठल्याही सोनोग्राफीत तो दिसणार नाही. त्यासाठी नवरा-बायको दोघांच्या रक्ताची तपासणी लागते, आणि ती सोनोग्राफीपेक्षा स्वस्त आहे.

वजनाचंही असंच. कालच्या रिपोर्टवर बाळाचं वजन 1.9 किलो लिहिलेलं होतं. पोटातल्या बाळाला काट्यावर ठेवता येत नाही. डोकं, पोट आणि मांडीचं हाड यांच्या मापांवरून सूत्रानं तो आकडा निघतो आणि त्यात दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होणं नेहमीचं आहे. म्हणजे हे बाळ 1.6 किलोचं असू शकतं आणि 2.2 किलोचंही. एवढ्यातेवढ्या आकड्यावरून घाबरू नये आणि फुशारूही नये. दोन सोनोग्राफ्यांमधली वाढ बघावी.

आणखी एकीनं विचारलं, रिपोर्टात नाळ गळ्याभोवती आहे असं लिहिलंय, आता सिझर का? नाळेचा एखादा वेढा पुष्कळ बाळांच्या गळ्याला असतो, तो पडतो आणि सुटतोही. तेवढ्या एका कारणानं सिझर करत नाहीत. कळा सुरू झाल्यावर बाळाचे ठोके कसे चालतात यावर ते ठरतं. पाचव्या महिन्यात ‘वार खाली आहे’ असं लिहिलं असेल, तर तेही बहुतेकींचं गर्भाशय वाढत जाताना वर सरकतं. मात्र नंतर पुन्हा तपासून घ्यायलाच हवं. आधीचं सिझर झालेलं असेल आणि वार खाली असेल, तर ते कधीही हलक्यात घ्यायचं नाही, कारण वार जुन्या व्रणात रुतलेली असू शकते. अशा बाईचं बाळंतपण रक्ताची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयातच.

ज्या प्रश्नाची सगळ्यांनाच कल्पना होती तो शेवटी हसतहसत आला. मुलगा की मुलगी, हे दिसतं का? सिस्टर हसल्या नाहीत. डॉक्टरांना ते दिसू शकतं, पण सांगणं गुन्हा आहे, असं त्या सरळ म्हणाल्या. या बाबतीत देशात पहिला कायदा महाराष्ट्रानं 1988 साली केला. देशाचा कायदा 1994चा, तो 2003 साली आणखी कडक झाला. म्हणूनच प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीआधी अर्ज भरून तिची सही किंवा अंगठा घेतात, आणि नोंदणी नसलेल्या जागी यंत्र ठेवता येत नाही. सांगणारा जसा तुरुंगात जाऊ शकतो तसा विचारायला लावणाराही. बाईनं तपासणी केली असेल तर तिला नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी भाग पाडलं, असंच कायदा धरून चालतो. हे वाक्य ऐकून मागच्या दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं.

मग सिस्टरनी पिशवीतून रक्तदाबाचा पट्टा काढला. सोनोग्राफीत न दिसणाऱ्या गोष्टींत आईचा जीव घेणाऱ्या बऱ्याच असतात. रक्त कमी आहे ते यंत्रात दिसत नाही. हिमोग्लोबिन 11च्या खाली गेलं की गरोदर बाईला रक्तक्षय धरतात, 7च्या खाली गेलं तर दवाखान्यातच उपचार लागतात. रक्तदाब 140 आणि 90च्या वर चढला, लघवीत प्रथिनं जाऊ लागली, तर झटके येण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते, आणि त्याच दिवशी केलेली सोनोग्राफी अगदी छान आलेली असू शकते. साखर वाढलीय का तेही रक्तातच कळतं. शहरात जाऊन हजार-बाराशे रुपयांची सोनोग्राफी करून येणाऱ्या घरातली सून उपकेंद्रात फुकट मिळणारा रक्तदाबाचा पट्टा दोन-दोन महिने बांधून घेत नाही, अशी तक्रार आरोग्यसेविका वारंवार करतात आणि ती खोटी नाही. पडद्यावर बाळ हलताना दिसतं, पट्ट्यात नुसता आकडा दिसतो. लोक पडद्याकडे ओढले जातात.

सिस्टरनी त्याच मुलीचा रक्तदाब घेतला. 138 आणि 88. मर्यादेच्या आत, पण जेमतेम. गेल्या महिन्यात कार्डावर 112 आणि 70 होता. बाळाचं माप मागे आणि आईचा दाब वर, या दोन गोष्टी एकत्र आल्या की थांबायचं नसतं. सिस्टरनी दुसऱ्या दिवशीच ग्रामीण रुग्णालयात पाठवण्याची चिठ्ठी लिहिली. चिठ्ठीवर वरच तीन ओळी होत्या. पहिल्या सोनोग्राफीची तारीख आणि लांबी, खरे आठवडे, आजचा रक्तदाब. डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीखाली दुखलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर सकाळची वाट न बघता रात्रीच 108ला फोन करायचा, हे त्यांनी मुलीला आणि आईला प्रत्येकी दोनदा वदवून घेतलं.

जिच्या घरी गरोदर सून किंवा लेक आहे तिनं एवढं करावं. पाळी चुकल्यावर तीन महिन्यांच्या आत एक सोनोग्राफी करून घ्यावी. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी मोफत होते, तिथं त्याची चौकशी करावी. त्या पहिल्या रिपोर्टचा फोटो नवऱ्याच्या, सासूच्या आणि आईच्या अशा तिघांच्याही मोबाइलमध्ये ठेवावा. आणि लेक माहेरी निघेल तेव्हा तिच्या पिशवीत डिंकाच्या लाडवांच्या डब्याआधी रिपोर्टांची फाइल घालावी.